दुधाचा पहिला दात हलतो तेव्हा

दुधाचा पहिला दात साधारण सहाव्या वर्षी हलू लागतो. बहुतेक मुलांमध्ये तो खालच्या जबड्यातला पुढचा, अगदी मधला पटाशीचा दात असतो. मोठ्यांना यात काही विशेष वाटत नाही, पण सहा वर्षांच्या मुलाच्या अनुभवात शरीराचा भाग सुटून पडणे म्हणजे काहीतरी मोडणे. पडलेले परत येते, हे त्याने अजून पाहिलेलेच नसते. त्यामुळे दुखेल याची भीती असतेच, पण त्याहून मोठी भीती ‘आता तिथे काहीच राहणार नाही’ ही असते.

पहिलीतल्या एका मुलीचे उदाहरण घेऊ. चार दिवस ती पोळी खात नाही, नुसता वरणभात मागते. ब्रश पुढच्या दातांना लावतच नाही, आणि हसताना तोंडावर हात धरते. आजीच्या हे लक्षात येते, पण ती ‘बघू बघू’ करत दाताला हात लावत नाही. मुलगी स्वतःच विचारते, “आजी, खूप रक्त येईल का गं?” आजी ‘काही होत नाही’ म्हणून वेळ मारून नेत नाही. ती म्हणते, “येईल थोडंसं. कापूस दाबून धरला की थांबतं.” मग ती मुलीच्या बाबांचा शाळेतला फोटो काढून दाखवते. त्यात बाबांचे पुढचे दोन दात नाहीत. “आणि आज बघ त्याचे दात,” एवढेच ती म्हणते. मुलीच्या खऱ्या प्रश्नाचे उत्तर या फोटोत असते.

“ओढायचा नाही. जिभेने हळूहळू हलवत राहा, त्याची वेळ झाली की तो आपणच पडेल,” हा आजीचा पुढचा सल्ला. त्यामागे शरीराचे नेमके कारण आहे. दुधाच्या दाताला चांगले लांब मूळ असते. त्याच्याखाली कायमचा दात तयार होऊन वर सरकू लागला की काही खास पेशी हे मूळ टोकाकडून थोडे थोडे विरघळवतात. काम पूर्ण होत आले की दात केवळ हिरडीच्या आधाराने उभा राहतो. म्हणूनच पडलेला दात हातात घेतला तर मूळ जवळजवळ दिसतच नाही, खालून तो पोकळ असतो. दोरा बांधून दाराला अडकवण्याची जुनी युक्ती मात्र टाळावी. मूळ पुरते विरघळलेले नसताना ओढले तर हिरडी फाटते, रक्त जास्त येते, आणि मुलाची भीती पुढच्या प्रत्येक दाताला पुरते.

दात पडल्यावर स्वच्छ कापसाची किंवा गॉजची घडी त्या जागी ठेवून दहा-पंधरा मिनिटे चावून धरायला सांगावे. त्या दिवशी जोरजोरात चुळा भरू नयेत. चुकून दात गिळला गेला तरी तो शौचातून निघून जातो. मात्र ठसका थांबत नसेल किंवा श्वास अडकत असेल तर लगेच दवाखाना गाठावा.

पडलेल्या दाताचे काय करायचे, यालाही आजीकडे उत्तर असते. काही घरांत तो कौलावर फेकतात, काही ठिकाणी उंदराच्या बिळात टाकून त्याच्यासारखा दात मागतात. उंदराची निवड चपखल आहे, कारण त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. स्पेनमध्येही हे काम उंदराकडेच आहे. तेराव्या अल्फोन्सो या बालराजाचा दात पडला, तेव्हा लुईस कोलोमा या लेखकाने त्याच्यासाठी पेरेझ नावाच्या उंदराची गोष्ट लिहिली. राजा असो वा पहिलीतली मुलगी, मुलाला हातातल्या दाताचे काहीतरी करायला मिळाले की रडण्यातून लक्ष निघते.

काही वेळा मात्र दंतवैद्याकडे जायला हवे. दुधाचा दात घट्ट असतानाच त्याच्यामागे, जिभेच्या बाजूला, नवा दात डोकावतो आणि दातांच्या दोन रांगा दिसू लागतात. घरचे घाबरतात, पण पुढचा दात हलत असेल तर तो पडल्यावर जिभेच्या दाबाने मागचा बहुधा पुढे सरकतो. पुढचा अजिबात हलत नसेल तर तो काढावा लागू शकतो. चौथ्या वर्षीच दात हलू लागला, किंवा पडल्या-झडल्याने हलला, तरी तपासणी हवी. मार लागून दुधाचा दात निखळला तर तो परत खोबणीत बसवू नये, कारण त्याने खालच्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते.

नवा दात काही आठवड्यांत दिसू लागतो. तो शेजारच्या दुधाच्या दातांपेक्षा मोठा आणि जरा पिवळसर असतो, आणि त्याची कड करवतीसारखी दातेरी असते. हे सगळे नैसर्गिक आहे. कड पुढे वापराने झिजून सरळ होते. याच सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे चारही बाजूंना एकेक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून घरात ती दुधाचीच समजली जाते आणि किडली तरी ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून दिली जाते. ती कायमची असते, आणि पुढचा दात हलू लागला की ब्रश तिथवर पोहोचतो ना, हेही पाहावे लागते.