उधारीच्या वहीत न सापडणारी उधारी

कपड्यांच्या दुकानात किंवा औषधांच्या ॲपवर खरेदी झाली की लगेच मेसेज येतो : ‘तुमचे 50 पॉइंट जमा झाले.’ बरेच लोक तो वाचतही नाहीत. विक्रेत्याच्या डोक्यावर मात्र त्या क्षणी एक देणे चढलेले असते. गिऱ्हाइकाने आज मोजलेल्या पैशांपैकी थोडे पैसे आजच्या मालाचे नाहीत, पुढे कधीतरी द्यायच्या मालाचे आहेत.

हिशेबशास्त्र ही गोष्ट गंभीरपणे घेते. भारतात 1 एप्रिल 2018 पासून लागू झालेले ‘इंड एएस 115’ हे मानक शेअर बाजारात नोंदलेल्या आणि मोठ्या कंपन्यांना सांगते की पॉइंटच्या वाट्याची रक्कम आजच्या विक्रीत धरायची नाही. समजा, 1,000 रुपयांच्या खरेदीवर 50 पॉइंट मिळतात, एक पॉइंट म्हणजे एक रुपया, आणि अनुभवाने दिसते की शंभरातले 60 पॉइंटच शेवटी वापरले जातात. मग त्या 50 पॉइंटांची किंमत 30 रुपये. हजार रुपये 1,000 आणि 30 या प्रमाणात वाटले, की सुमारे 971 रुपये आजची विक्री ठरते आणि 29 रुपये देणे म्हणून बाजूला राहतात. पॉइंट वापरले गेले किंवा त्यांची मुदत संपली, की ते 29 रुपये विक्रीत येतात. छोट्या दुकानदारावर या मानकाची सक्ती नाही. देणे मात्र त्याच्यावरही तेवढेच असते.

या सगळ्या गणिताचा जीव त्या ‘शंभरातले 60’ या आकड्यात आहे, आणि नेमका तोच बहुतेक ठिकाणी चुकीचा काढलेला असतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. साबण, तेल, उटणी ऑनलाइन विकणारा एक व्यवसाय एप्रिलमध्ये पॉइंट सुरू करतो. मुदत एक वर्षाची. पहिल्या तिमाहीत 1 लाख पॉइंट वाटले गेले, दुसऱ्या तिमाहीत दीड लाख, दिवाळीच्या तिमाहीत 3 लाख आणि जानेवारी ते मार्चमध्ये साडेतीन लाख. म्हणजे वर्षभरात 9 लाख. त्याच वर्षात वापरले गेले 2 लाख 73 हजार. मालक भागाकार करतो, उत्तर येते 30 टक्के. तो निर्धास्त होतो, कारण त्याच्या मते लोक पॉइंट विसरतात आणि उरलेले सव्वासहा लाख बहुतेक मरणारच आहेत.

या भागाकारात गफलत अशी की वरचा आकडा जुन्या पॉइंटांचा आहे आणि खालच्या आकड्यात कालपरवा वाटलेले पॉइंटही आहेत, ज्यांना वापरले जायला वेळच मिळालेला नाही. धंदा जितका वेगाने वाढतो, तितका हा दर खोटा कमी दिसतो. वाढ थांबली की तो आपोआप चढू लागतो आणि मग सगळे दचकतात.

बरोबर पद्धत म्हणजे पॉइंट ज्या तिमाहीत मिळाले त्यानुसार त्यांचे गट करायचे आणि प्रत्येक गटाचा वेगळा पाठलाग करायचा. आपल्या व्यवसायात पहिल्या तिमाहीच्या 1 लाख पॉइंटांपैकी 10 हजार त्याच तिमाहीत गेले, पुढच्या तिमाहीत 25 हजार, मग 15 हजार, मग 8 हजार. मुदतीच्या काठावरचे आणखी 2 हजार जातील असे धरले, तर एकूण 60 टक्के. दुसरा आणि तिसरा गटही आतापर्यंत याच चालीने चालले असतील, तर प्रत्येक गटाचा उरलेला प्रवास भरता येतो. दिवाळीच्या गटातले 75 हजार अजून यायचे आहेत, शेवटच्या गटातले 1 लाख 75 हजार, आधीच्या दोघांचे मिळून 17 हजार. बेरीज 2 लाख 67 हजार. वर्षभरात जेवढे पॉइंट वटवले गेले, जवळपास तेवढेच अजून दाराशी उभे आहेत. विमा कंपन्या अजून न आलेल्या दाव्यांचा अंदाज बराचसा याच रीतीने करतात.

ऑर्डरच्या नोंदींतून हे काढताना खरे कष्ट वेगळ्याच जागी पडतात. पॉइंट वापरले गेल्याच्या ओळीवर ते कोणत्या खरेदीचे होते हे बहुधा लिहिलेले नसते. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाचे सर्वांत जुने पॉइंट आधी खर्च झाले, असे धरून जुळवणी करावी लागते. परत आलेला माल ही दुसरी अडचण. ऑर्डर रद्द झाली, पण तिचे पॉइंट आधीच वापरून झाले, तर खाते उणे जाते. काही प्रणाली ते गुपचूप शून्य करतात आणि तोटा कुठेच दिसत नाही. शिवाय वाढदिवसाचे किंवा नोंदणीचे फुकट पॉइंट ऑर्डरच्या तक्त्यात येतच नाहीत. तपासणी सोपी आहे. सुरुवातीची शिल्लक, अधिक दिलेले, वजा वापरलेले, रद्द झालेले आणि मुदत संपलेले, यांतून शेवटची शिल्लक निघालीच पाहिजे. निघाली नाही, तर कुठलाही दर काढण्याआधी ती तफावत शोधायची.

पॉइंट देण्याचा दरही जाहिरातीतला आणि प्रत्यक्षातला वेगळा असतो. फलकावर पाच टक्के लिहिलेले असते. पण दिवाळीतले दुप्पट पॉइंट, डिलिव्हरीच्या शुल्कावरचे पॉइंट आणि पॉइंटांनी भरलेल्या रकमेवर पुन्हा मिळालेले पॉइंट धरले, की निव्वळ विक्रीशी भागून साडेसहा-सातही निघू शकतात. हा भागाकार दर महिन्याला एकदा तरी करावा, कारण गळती इथूनच सुरू होते.

सरासरी 60 टक्क्यांवरही फार विसंबू नये. पहिल्या तिमाहीत आलेली माणसे सहसा सर्वांत चिकट असतात. दिवाळीत सवलतीसाठी आलेली निम्मी माणसे परत फिरकतही नाहीत. वर्षात एकदाच खरेदी करणाऱ्यांचा गट आणि चार वेळा करणाऱ्यांचा गट वेगळा काढला, की दोघांच्या वापराच्या दरांत मोठे अंतर दिसते. मग दिवाळीचे 75 हजार प्रत्यक्षात कमीही भरतील. उलट ‘तुमचे पॉइंट महिनाअखेर संपणार’ असा एक मेसेज पाठवला, की झोपलेले पॉइंट जागे होतात. मार्केटिंग विभाग तो मेसेज आनंदाने पाठवतो. हिशेबवाल्यांना मात्र सहसा कोणी विचारत नाही.

कॅनडातल्या ‘एअर माइल्स’ योजनेत हा अंदाज कसा कोसळू शकतो हे दिसले. पाच वर्षांहून जुने पॉइंट 2016 च्या अखेरीस बाद होणार, असे कंपनीने 2011 मध्येच जाहीर केले होते. मुदत जवळ येताच लोक पॉइंट वटवायला धावले, संताप वाढला, ऑन्टारियो प्रांतात अशा मुदतीवर बंदी घालणारा कायदा येऊ लागला. अखेर 1 डिसेंबर 2016 रोजी कंपनीने मुदत मागे घेतली. वापरलेच जाणार नाहीत असे धरलेले पॉइंट 26 टक्के होते. तो अंदाज 20 टक्क्यांवर आणावा लागला. या सहा टक्क्यांपोटी तिच्या मूळ कंपनीच्या उत्पन्नातून सुमारे 24 कोटी अमेरिकी डॉलर वजा झाले. एकाही गिऱ्हाइकाला नवा पॉइंट दिलेला नव्हता. एक नियम बदलला आणि जुन्या सगळ्या गटांचे उरलेले प्रवास पुन्हा मांडावे लागले.

म्हणूनच आपल्या साबणवाल्या मालकाने यंदाही दुप्पट पॉइंट ठेवायचे की नाही, हे ठरवण्याआधी गेल्या दिवाळीच्या गटाचा तक्ता काढावा. त्यात पाहायचे ते एवढेच, की जे परत आले त्यांनी पॉइंट वटवताना पॉइंटांपेक्षा किती जास्तीची खरेदी केली. जे तसेही येणारच होते, त्यांना दिलेला प्रत्येक रुपया पुरता गेला. जे पॉइंटांमुळेच आले, त्यांच्या बाबतीत विकत घेतलेल्या मालाचा फक्त मूळ खर्च गेला. या दोन गटांचे प्रमाण ऑर्डरच्या नोंदींतून नक्की निघत नाही. त्यासाठी काही गिऱ्हाइकांना मुद्दाम दुप्पट पॉइंट न देता दोन्हींची तुलना करावी लागते, आणि ऐन दिवाळीत तेवढी हिंमत फार थोडे मालक दाखवतात.