कराराच्या समाप्तीच्या प्रारंभाच्या दिनांकाच्या…

घरभाड्याच्या करारांत अशा धाटणीचे एखादे कलम हमखास सापडते: ‘सदर कराराच्या समाप्तीच्या प्रक्रियेच्या प्रारंभाच्या दिनांकापासून तीस दिवसांच्या आत जागेच्या ताब्याच्या हस्तांतरणाची कार्यवाही करण्यात येईल.’ व्याकरणात चूक नाही, पण वाचणारा तिसऱ्या ‘च्या’पाशी अडखळतो आणि शेवटी सही करून मोकळा होतो. ज्याला घर सोडायचे आहे, त्याच्यासाठी मात्र सगळे काही याच वाक्यात असते.

हे सोपे करायला बसले की पहिल्या झटक्यात सुचते ते असे: ‘करार संपल्यापासून तीस दिवसांत जागा रिकामी करावी.’ वाचायला छान, पण अर्थ बदलला. तो किती बदलला हे तारखा घालून पाहू. समजा, याच करारात दुसरे एक कलम आहे: कोणत्याही पक्षाला एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपवता येईल, आणि नोटीस मिळाली की समाप्तीची प्रक्रिया सुरू झाली असे समजावे. भाड्याने राहणाऱ्याला नोटीस 13 जूनला मिळाली. मूळ वाक्याप्रमाणे तीस दिवस 13 जूनपासून मोजायचे. ‘पासून’ म्हटले की पहिला दिवस सहसा धरत नाहीत, म्हणून शेवटची तारीख येते 13 जुलै. सोप्या वाक्यात मात्र आधी करार संपायला हवा. तो 13 जुलैला संपेल, तीस दिवस तिथून पुढे मोजले जातील आणि तारीख जाईल 12 ऑगस्टवर. ‘प्रक्रियेच्या प्रारंभाच्या’ हे दोन शब्द फापटपसारा समजून गाळले आणि महिनाभराचा फरक पडला.

हा फरक नुसता कागदावरचा नाही. लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावरही जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने नुकसानभरपाई मागण्याची तरतूद महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 24 मध्ये आहे.

म्हणून गाळण्याआधी उलगडायचे, आणि तेही शेवटाकडून. मराठीत अशा साखळीचा मुख्य शब्द शेवटी येतो. इथे तो ‘दिनांक’. कशाचा? प्रारंभाचा. कशाच्या? प्रक्रियेच्या. कोणत्या? कराराच्या समाप्तीच्या. असे मागे जाताना प्रत्येक नामात दडलेले क्रियापद बाहेर काढायचे आणि ती क्रिया कोण करतो ते विचारायचे.

‘समाप्ती’पाशी खरी मेख आहे, कारण या नामात दोन क्रियापदे लपतात. अकरा महिन्यांची मुदत भरून करार आपोआप संपतो, किंवा कोणीतरी तो मधेच संपवतो. मुदत भरून संपणाऱ्या कराराला ‘सुरू होणारी प्रक्रिया’ नसते. तो त्या दिवशी संपतो, एवढेच. तेव्हा आपल्या कलमात ‘संपवणे’च अभिप्रेत आहे, आणि सोप्या वाक्यात तेच क्रियापद यायला हवे.

पुढचा अडसर ‘करण्यात येईल’. कोणाकडून? इथे उत्तर सरळ आहे, कारण ताबा राहणाऱ्याकडेच आहे. दुसरीकडे ते तसे नसेल, तर कर्ता आपल्या मनाने घालू नये. करार लिहिणाऱ्याला विचारावे. प्रक्रिया नोटीस दिल्यावर सुरू होते की मिळाल्यावर, हे करारात कुठेच नसेल तर तेही विचारूनच ठरवायचे. ‘कार्यवाही’ इथे निर्धास्त काढता येते, कारण ताबा देणे हीच ती कार्यवाही. पण ‘अनामत परत करण्याची कार्यवाही सुरू करावी’ यातून ती काढली, तर हालचाल सुरू करण्याचे बंधन पैसे हातात देण्याचे होऊन बसते.

एवढे झाल्यावर कलम असे होते: ‘करार संपवण्याची लेखी नोटीस एका पक्षाने दिली, तर ती दुसऱ्या पक्षाला मिळेल त्या दिवसापासून तीस दिवसांच्या आत राहणाऱ्याने जागा मालकाच्या ताब्यात द्यावी.’ शब्द फारसे कमी झालेले नाहीत, आणि त्याची खंत करू नये. कोणी, काय, कधी हे तिन्ही आता दिसते.

प्रत्येक साखळी तोडायची गरज नसते. ‘अनामत रकमेच्या पावतीची प्रत’ यात क्रिया दडलेली नाही, नुसती वस्तू आहे. ती तशीच राहू द्यावी. आणि करारात सुरुवातीलाच ‘समाप्ती दिनांक’ अशी संज्ञा ठरवून दिली असेल, तर ती एका कलमात सोपी करून दुसऱ्यात जुनीच ठेवू नये. वाद झाला तर दोन वेगळे शब्द म्हणजे दोन वेगळ्या तारखा, असा युक्तिवाद समोरचा वकील करू शकतो.