काम भाड्याचं, अधिकार विक्रीचा

समजा, परदेशात राहणाऱ्या बहिणीला पुण्यातला फ्लॅट भाड्याने द्यायचा आहे. त्यासाठी ती धाकट्या भावाला कुलमुखत्यारपत्र देते. मसुद्यात वाक्य येतं: ‘सदर मिळकत भाड्याने देणे, विकणे, गहाण ठेवणे व योग्य वाटेल ते सर्व करणे.’ जुन्या नमुन्यातून जसंच्या तसं उतरलेलं!

‘विकणे’ आणि ‘गहाण’ हे शब्द आधी खोडायचे. उरलेलं ‘योग्य वाटेल ते’ न्यायालयं सहसा मूळ कामापुरतंच वाचतात खरी, पण तो दिलासा खटला उभा राहिल्यावरचा. त्याऐवजी ‘वरील कामासाठी आवश्यक तेवढेच’ असं लिहावं.

मग मर्यादा. फ्लॅटचा पूर्ण पत्ता, किमान भाडं, अकरा महिन्यांचा करार, भाडं थेट बहिणीच्या खात्यात, अनामत रक्कमही तिथेच. हे सगळं बहुतेक मसुद्यांत नसतंच. भावावर अविश्वास म्हणून नव्हे, उद्या भाडेकरूने वाद घातला तर भावालाही हाच कागद वाचवतो.

मुदतीची ओळ तर हमखास कोरी. तारीख नसेल, तर असं साधं पत्र आपोआप संपत नाही. ते रद्द होईपर्यंत किंवा देणाऱ्याच्या मृत्यूपर्यंत चालू राहू शकतं. ‘अपरिवर्तनीय’ हा शब्द दिसला तर तो का आहे, हे वकिलाला विचारावंच. पत्र रद्द केलं, तरी भावाला आणि भाडेकरूला तसं लेखी कळवावं लागतं. रद्द झाल्याचं ज्याला ठाऊक नाही, त्याच्यापुरता भावाचा अधिकार कायद्याने चालूच राहतो.