पडद्याखालच्या दोन ओळींचा धंदा

रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाला २०२५मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्र विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. अशा महोत्सवातल्या परीक्षकांना मराठी येत नसतं. संवाद त्यांच्यापर्यंत पोचतात ते पडद्याखालच्या दोन इंग्रजी ओळींतून. या ओळी लिहिणं हे स्वतंत्र काम आहे, आणि मराठी-इंग्रजी दोन्हींवर चांगली पकड असलेल्या माणसाला त्यावर घरबसल्या छोटा व्यवसाय उभारता येतो. ‘सगळ्या प्रकारची भाषांतरं करून मिळतील’ अशी पाटी लावण्यापेक्षा महोत्सवांना जाणाऱ्या मराठी लघुपटांचं आणि माहितीपटांचं सबटायटलिंग, एवढंच क्षेत्र धरलेलं बरं. वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणी कानाला सवयीची असेल, तर शहरी भाषांतरकाराला अवघड जाणारं कामही तुमच्याकडे येऊ शकतं.

हे काम नुसतं भाषांतर नाही, कारण इथे वेळ मोजलेला असतो. एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी आणि एका ओळीत साधारण ४२ अक्षरं, असा प्रघात आहे. वाचनाचा वेग सेकंदाला सुमारे १७ अक्षरं धरतात. काही ठिकाणी २० चालतात. मोजताना मोकळ्या जागा आणि विरामचिन्हंही धरायची.

समजा, लघुपटात आई म्हणते, “अगं, सकाळपासून वाट बघतेय तुझी, जेवण गार झालं, फोन तरी करायचास!” हे ती भराभर, २.८ सेकंदांत बोलून टाकते. सगळं इंग्रजीत आणलं तर ९६ अक्षरं होतात, आणि ती वाचायला साडेपाच सेकंदांहून जास्त वेळ लागतो. हाताशी जागा आहे ४८ अक्षरांची, म्हणजे निम्मं वाक्य जायला हवं. कोणतं, ते चित्र बघून ठरतं. टेबलावर झाकून ठेवलेलं ताट पडद्यावर दिसत असेल तर गार जेवण गाळता येतं. वाट बघणं आणि फोन न करणं मात्र दिसत नाही, म्हणून ते ठेवायचं. फाइलमध्ये हा संवाद असा जातो:

```
37
00:04:12,200 --> 00:04:15,000
I've waited since morning.
You could have called.
```

वर क्रमांक, मग सुरुवातीची आणि शेवटची वेळ, खाली मजकूर. ‘एसआरटी’ नावाची ही साधी मजकुराची फाइल ‘सबटायटल एडिट’सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तयार होते. अक्षरांचा वेग मर्यादेबाहेर गेला की तेच दाखवून देतं. तरी सुरुवातीला दहा मिनिटांच्या फिल्मला अख्खा दिवस जाऊ शकतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो वेळेचा. फाइल देऊन झाल्यावर ‘सबटायटल मागेपुढे होताहेत’ असा फोन आला, तर आधी विचारायचं, की फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच आहे का. सारखाच असेल तर सुरुवातीला कुणीतरी नामावली घातलेली किंवा काढलेली असते. सगळ्या वेळा तेवढ्याच सेकंदांनी सरकवल्या की काम झालं. फरक वाढत जात असेल तर फ्रेम रेट बदललेला असतो. सेकंदाला २५ फ्रेमवर बनवलेला २० मिनिटांचा लघुपट सगळ्या फ्रेम तशाच ठेवून थिएटरसाठी २४वर चालवला, तर तो ५० सेकंदांनी लांबतो. मध्यावर फरक २५ सेकंदांचा असतो आणि शेवटी ५०चा. हेही त्याच सॉफ्टवेअरमध्ये काही मिनिटांत सुधारता येतं, पण दुखणं ओळखलं नाही तर माणूस एकेक ओळ हाताने सरकवत बसतो. म्हणून काम घेतानाच महोत्सवाची प्रत किती फ्रेमवर निघणार, हे विचारून ठेवायचं.

दुसरा प्रश्न, संकलन लॉक झालंय का? दिग्दर्शक महोत्सवाच्या मुदतीपर्यंत काटछाट करत राहतात. पाचव्या मिनिटाचा एक शॉट गेला की पुढच्या सगळ्या वेळा चुकतात. त्यामुळे दर फिल्मच्या मिनिटावर ठरवावा, आणि त्यात काय धरलंय ते लेखी द्यावं: भाषांतर, वेळ लावणं, दिग्दर्शकासोबत बसून एकदा दुरुस्ती. लॉकनंतरच्या बदलांना वेगळे पैसे, हे वाक्यही तिथेच हवं. शिवाय मराठी न येणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाला पूर्ण फिल्म दाखवायची आणि तो कुठे गोंधळला ते टिपायचं. हा तपास बरेचदा राहून जातो, कारण दिग्दर्शकाला आणि तुम्हाला संवाद पाठ झालेले असतात आणि खालची ओळ कोड्यात टाकणारी आहे हे दोघांच्याही लक्षात येत नाही. त्या माणसाचं मानधनही दरात धरावं.