अर्धशिशीचं उतारवय

“पाळी थांबली की डोकंही थांबेल,” असं आजी माझ्या मावशीला सांगायची. पंचविशीपासून मावशीची डावी कानशिलं ठणकायची, मग उलटी, मग पडदे ओढून अंधारात पडून राहणं. घरात सगळे त्याला पित्त म्हणायचे. पण उलटीने डोकं दुखत नव्हतं. डोकं आणि उलटी ही दोन्ही अर्धशिशीचीच, म्हणजे मायग्रेनची, लक्षणं होती. आजीचं भाकीत शेवटी खरं ठरलं, मात्र त्याआधीची सहा-सात वर्षं सगळ्यात वाईट जातील हे तिने सांगितलं नव्हतं.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी मावशी पाळीची आणि डोकेदुखीची खूण करायची. दोन्ही खुणा जवळजवळ पडत. पाळीच्या आधी शरीरातलं इस्ट्रोजेन झपाट्याने उतरतं आणि ही उतरणच दुखणं चेतवते. इस्ट्रोजेन कमी असणं हा प्रश्न नसतो, ते खाली-वर होणं हा असतो. हे एकदा कळलं की पुढचं सगळं उलगडतं. लहानपणी मुलगे-मुली दोघांनाही सारखीच होणारी अर्धशिशी वयात आल्यावर मुलींमध्ये का वाढते, तिशी-चाळिशीत ती सर्वाधिक का दिसते, गरोदरपणात संप्रेरकं चढती राहिल्यावर अनेकींना आराम का पडतो आणि बाळंतपणानंतर ती परत का येते, ते यातून समजतं.

पाळी जाण्याआधीच्या काही वर्षांत हे चढउतार बेभरवशाचे होतात. आपल्याकडे पाळी साधारण 46-47 च्या सुमारास जाते, म्हणजे चाळिशी ओलांडली की हा काळ सुरू झाला समजायचं. मावशीच्या खुणा महिन्याला दोनच्या आठ झाल्या. ती दुकानातून आणलेली डोकेदुखीची मिश्र गोळी घ्यायची, आणि एका महिन्यात गोळीचे दिवस मोजले तर चौदा भरले. अशी मिश्र गोळी महिन्यातून दहा किंवा अधिक दिवस, सलग तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर गोळीच नवी डोकेदुखी तयार करू लागते. साध्या पॅरासिटामॉलसाठी ही मर्यादा पंधरा दिवसांची. ओळखायची खूण अशी, की डोकं आता झटक्याने येत नाही, रोज सकाळपासूनच जड असतं. डॉक्टरांनी गोळी थांबवली तेव्हा पहिले आठ-दहा दिवस डोकं आणखी चढलं, मग उतरलं. सोबत झटके टाळण्यासाठी रोज घ्यायचं औषध सुरू झालं.

याच वयात काहीजणी वैतागून “पिशवी काढून टाका” म्हणतात. अर्धशिशीसाठी हा उपाय नव्हे. अंडाशयंही काढली तर इस्ट्रोजेन एका दिवसात कोसळतं आणि दुखणं बऱ्याचदा बळावतं. पाळी नैसर्गिकपणे गेली, तर साधारण तिघींपैकी दोघींना आराम पडतो. तोही लगेच नाही. पाळी बंद होऊन वर्ष-दोन वर्षं जावी लागतात. पुरुषांमध्येही वयाबरोबर ती ओसरते, पण असा टप्पा ओळखू येत नाही.

साठीतली अर्धशिशी जरा निवलेली असते. ठणका कमी, उलटी कमी, उजेडाचा त्रास कमी. दुखणं मात्र कधीकधी दोन्ही बाजूंना आणि मानेत. मावशीला पन्नाशीनंतर वर्षाकाठी तीन-चार झटके उरले. मग 63 व्या वर्षी, वर्तमानपत्र वाचताना, अक्षरांमध्ये एक चमकती नागमोडी रेघ दिसू लागली. वीस मिनिटांत ती पसरत कडेला गेली आणि विझली. डोकं दुखलंच नाही. घरचे घाबरले, लकवा समजून तिला घेऊन धावले, आणि ते योग्यच केलं.

हा अर्धशिशीचा ‘ऑरा’ होता, डोकेदुखीशिवाय आलेला. उतारवयात तो असा एकटा येऊ शकतो. तो हळूहळू पसरतो आणि डोळ्यांपुढे काहीतरी ‘जास्तीचं’ दिसतं. मेंदूचा रक्तपुरवठा अडतो तेव्हा बहुधा एकदम काहीतरी ‘जातं’: नजर, बोलणं, हाताची ताकद. पण पहिल्यांदाच घडत असेल तर हा फरक घरी बसून ठरवायचा नसतो, तपासणी हवीच. मावशीच्या तपासण्या ठीक आल्या, तरी औषधांची यादी बदलली. झटक्याच्या वेळी ती घ्यायची ते सुमाट्रिप्टान रक्तवाहिन्या आकसवतं. तिचा रक्तदाब आटोक्यात नव्हता, म्हणून ते बंद झालं.

आणि ज्याला आयुष्यात कधी अर्धशिशी नव्हती, त्याचं डोकं पन्नाशीनंतर दुखू लागलं, तर ती अर्धशिशी असं धरून चालू नये. कानशिलाजवळची रक्तवाहिनी सुजण्याचा एक आजार या वयातच होतो. केस विंचरताना टाळू दुखते, भाकरी चावताना जबडा भरून येतो, थांबलं की बरं वाटतं. रक्तातला ईएसआर सहसा बराच वाढलेला सापडतो. यात डोळा कायमचा जाऊ शकतो, म्हणून संशय पक्का असेल तर डॉक्टर पुढच्या तपासण्यांची वाट न बघता त्याच दिवशी स्टिरॉइड सुरू करतात.