पान उघडलं की अक्षर

क्रांती चौकातून उस्मानपुऱ्याकडे वळलं की पाचेक मिनिटांत गुरुद्वारा येतो. आपल्याकडे बारशाआधी जन्मवेळ पंचांगात घालून नक्षत्राच्या चरणाचं अक्षर काढतात. शीख घरात जन्मवेळ कुणी विचारत नाही, बारावा दिवसही मोजत नाही. बाळंतीण अंघोळ करून बाहेर पडण्याइतकी सावरली की घरचे सगळे गुरुद्वाऱ्यात जातात. सुवेर म्हणून अन्नपाणी विटाळतं ही समजूत 1945 साली मंजूर झालेल्या शीख रहत मर्यादेने साफ नाकारली आहे.

घरच्यांची मुख्य तयारी कडाह प्रसादाची. कणीक, साखर आणि तूप तिन्ही सारख्या मापाने आणि पाणी साधारण तिप्पट. आपला कणकेचा शिराच म्हणा, पण तुपाच्या बाबतीत हात आखडायचा नाही. साखरेचं पाणी वेगळं उकळत ठेवतात. तुपात कणीक मंद आचेवर बदामी होईपर्यंत आणि कडेने तूप सुटेपर्यंत परततात, मग ते पाणी बेतानं ओततात. घाई केली तर कणीक कच्ची राहते आणि प्रसाद टाळूला चिकटतो. ऐपतीप्रमाणे गुरू ग्रंथ साहिबसाठी रुमालाही नेतात. मात्र जुन्या रुमाल्याचं बाळासाठी अंगडं शिवणं मर्यादेला मान्य नाही.

आनंदाचे शबद गाऊन झाले की ग्रंथी ग्रंथ उघडून हुकम घेतात आणि बाळाच्या नावाचं अक्षर त्यातूनच निघतं. डाव्या पानाच्या माथ्यावर जो शबद आहे तो वाचायचा. तो आधीच्या पानावर सुरू झाला असेल तर पान मागे उलटून आरंभापासून. ‘वार’ निघाली तर पौडीआधीचे सलोकही वाचावे लागतात, म्हणून अक्षर पहिल्या सलोकाचं. नवख्या नातेवाइकांची गफलत इथेच होते. पानावर डोळ्यांना आधी दिसेल ते अक्षर ते धरतात, किंवा शबदावरच्या राग-महला या शीर्षकातलं. अक्षर घ्यायचं ते मूळ शबदाच्या पहिल्या शब्दाचं.

समजा ईड़ी निघाली. गुरुमुखीत ऊड़ा, ऐड़ा आणि ईड़ी ही तीन अक्षरं सगळे स्वर वाहतात. ईड़ीवर इ, ई आणि ए येतात, म्हणजे इंदरजीत, ईशर, एकमजोत अशी नावं चालतात. ‘अ’ची हौस असलेल्यांना मुरड घालावी लागते, कारण अ ऐड़ावर बसतो. मनाजोगतं अक्षर येईपर्यंत पुन:पुन्हा हुकम घेण्याची सोय मर्यादेत सांगितलेली नाही. मला त्यातला हा करडेपणा आवडतो. पंचांगाच्या अक्षरातून आपण पळवाट काढतो, नावरास एक आणि हाक वेगळीच.

नाव सुचवायचं ग्रंथींनी, मान्य करायचं संगतीने. इंदरजीत मुलाचंही आणि मुलीचंही. फरक पुढच्या सिंग किंवा कौरने कळतो. मग आनंद साहिबच्या पहिल्या पाच आणि शेवटच्या अशा सहा पौड्या, अरदास आणि प्रसाद.

दवाखान्यातून जन्माची नोंद तोवर बिननावाची गेलेली असते. तिची काळजी नको: नाव 12 महिन्यांच्या आत विनाशुल्क चढवता येतं.