नफा खळ्यावरचा आणि नफा घरी आलेला

पुण्याच्या आकुर्डीतली बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट ही कंपनी एकही दुचाकी बनवत नाही. 2007-08 मध्ये जुन्या बजाज ऑटोची विभागणी झाली, तेव्हा दुचाकींचा धंदा नव्या बजाज ऑटोकडे गेला, विमा आणि कर्जाचा व्यवसाय बजाज फिनसर्वकडे गेला आणि मूळ कंपनी नाव बदलून गुंतवणूक सांभाळत राहिली. आज तिच्याकडे बजाज ऑटोचे सुमारे एक तृतीयांश आणि बजाज फिनसर्वचे चाळीस टक्क्यांच्या जवळपास शेअर आहेत. तिचा वार्षिक अहवाल उघडला की नफ्याचे दोन आकडे भेटतात. एक तिच्या एकटीच्या, म्हणजे स्टँडअलोन हिशेबातला आणि दुसरा एकत्रित, म्हणजे कन्सॉलिडेटेड हिशेबातला. दुसरा पहिल्याच्या कित्येक पट असतो. कंपनी तीच, वर्ष तेच, लेखापरीक्षकांची सही दोन्हींवर आहे. मग खरा नफा कोणता, हा प्रश्न भागधारकाला पडतो आणि तो पडायलाच हवा.

दोन्ही आकडे खरे आहेत. एकटीच्या हिशेबात त्या दोन कंपन्यांकडून आलेला लाभांश तेवढा उत्पन्न म्हणून धरला जातो. एकत्रित हिशेबात लाभांश बाजूला राहतो आणि त्या कंपन्यांनी वर्षभरात जो नफा कमावला, त्यातला आपला हिस्सा मोजला जातो, मग तो हाती आलेला असो वा नसो. या दुसऱ्या रीतीला इक्विटी पद्धत म्हणतात.

आपल्याकडे वाट्याने शेत करायला दिलेल्या माणसाला ही रीत समजावून सांगावी लागत नाही. खळ्यावर रास पडली की त्याचा वाटा ठरतो. पुढे पोती बैलगाडीतून घरी येतात, तेव्हा त्याचे उत्पन्न वाढत नाही, खळ्यावरचे धान्य घरात येते एवढेच. नफ्यातला हिस्सा म्हणजे खळ्यावरची रास आणि लाभांश म्हणजे घरी आलेली पोती. दोन्ही उत्पन्नात धरली तर एकच धान्य दोनदा मोजल्यासारखे होईल. म्हणून इक्विटी पद्धतीत लाभांश आला की तो नफ्यात धरत नाहीत, गुंतवणुकीच्या वहीतल्या किमतीतून वजा करतात.

ही पद्धत कुठल्याही शेअरला लागत नाही. शंभर शेअर घेतलेल्या माणसाचा कंपनीच्या कारभारावर काही जोर चालत नाही, त्यामुळे तिचा नफा आपला म्हणण्यात अर्थ नसतो. उलट अर्ध्याहून जास्त मताधिकार आणि ताबा असेल तर ती उपकंपनी होते आणि तिची विक्री, खर्च, कर्ज सगळेच ओळीओळीने एकत्र केले जाते. सहयोगी कंपनी या दोहोंच्या मधे येते. तिथे ताबा नसतो, पण शब्दाला वजन असते. कंपनी कायदा, 2013 आणि ‘इंड एएस 28’ हे लेखामानक दोन्ही 20 टक्के मताधिकाराची खूण धरतात. तेवढा हिस्सा असला की प्रभाव आहे असे मानायचे, नसल्याचे दाखवता आले तर गोष्ट वेगळी. हिस्सा कमी असूनही संचालक मंडळावर आपला माणूस असेल, धोरण ठरवताना आपल्याला विचारले जात असेल, तर तीही सहयोगी ठरू शकते.

आता एक हिशेब शेवटपर्यंत करून पाहू. एका कंपनीने 1 एप्रिलला दुसरीचे 30 टक्के शेअर 30 कोटी रुपयांना घेतले. त्या दुसरीची वहीतली निव्वळ मालमत्ता 80 कोटी, म्हणजे 30 टक्क्यांचे मोल 24 कोटी. वरचे 6 कोटी कशाचे दिले, हे इथे शोधावे लागते. समजा तिच्या इमारतीची खरी किंमत वहीपेक्षा 10 कोटींनी जास्त होती. त्यातले आपले 3 कोटी. उरलेले 3 कोटी म्हणजे गुडविल. हे सगळे वेगवेगळे मांडायचे नाही. ताळेबंदात ‘सहयोगी कंपनीतील गुंतवणूक’ या एकाच ओळीत 30 कोटी लिहायचे, पण आतली फोड कागदावर ठेवायची, कारण ती दरवर्षी लागते.

वर्षअखेरीस सहयोगी कंपनीला कर भरून 12 कोटी नफा झाला. आपला वाटा 3 कोटी 60 लाख. पण इमारतीसाठी आपण 3 कोटी जादा मोजले होते आणि तिचे आयुष्य अजून दहा वर्षे आहे, म्हणून दर वर्षी 30 लाख घसारा आपल्या बाजूने कापायचा. (यावरच्या कराचा बारकावा इथे सोडून देतो.) गुडविलवर घसारा नाही. उरले 3 कोटी 30 लाख, आणि हाच आकडा नफा-तोटा पत्रकात ‘सहयोगी कंपन्यांच्या नफ्यातील हिस्सा’ या ओळीवर बसतो. त्याच वर्षात सहयोगीने 4 कोटी लाभांश वाटला, त्यातले 1 कोटी 20 लाख आपल्या बँकेत आले. गुंतवणुकीची वहीतली किंमत झाली 30 अधिक 3.30 वजा 1.20, म्हणजे 32 कोटी 10 लाख.

या ओळीतला नफा सहयोगीने आपला कर भरून उरलेला असतो, म्हणून त्यावर पुन्हा आपला कर दाखवत नाहीत. ज्या कंपनीच्या नफ्यात या ओळीचा वाटा मोठा, तिचे कराचे प्रमाण एकत्रित हिशेबात फारच कमी दिसते. पाहणाऱ्याला वाटते काही करसवलत मिळाली असेल. तसे काही नसते.

आणखी एक गोष्ट सहज निसटते. सहयोगीने आपल्यालाच माल विकला, त्यावर 50 लाख नफा मिळवला आणि तो माल वर्षअखेरीस आपल्याच गोदामात पडून आहे, तर त्या नफ्यातले आपले 15 लाख हिश्श्यातून कापावे लागतात. बाहेरच्या गिऱ्हाइकाने पैसे मोजेपर्यंत तो नफा झालेलाच नाही. आपल्याच गोदामातल्या मालावर नफा दाखवून वर्ष साजरे करण्याची वाट इथे बंद होते, आणि हा नियम मला फार योग्य वाटतो.

आता पुन्हा आकुर्डीकडे येऊ, कारण या पद्धतीची ताकद आणि मर्यादा तिथे एकाच पानावर दिसतात. 2024-25 साठी बजाज ऑटोने शेअरमागे 210 रुपये लाभांश जाहीर केला आणि तिचा एकत्रित नफा शेअरमागे 260 रुपयांच्या आसपास होता. म्हणजे खळ्यावरची बहुतेक रास घरी आली. मात्र लाभांश वार्षिक सभेनंतर मिळतो, म्हणून नफ्याचा हिस्सा एका आर्थिक वर्षात दिसतो आणि पैसे पुढच्या वर्षात येतात. बजाज फिनसर्वचे चित्र अगदी निराळे आहे. तिचा त्या वर्षीचा एकत्रित नफा शेअरमागे 50 रुपयांहून जास्त होता आणि लाभांश होता फक्त एक रुपया. यात गैर काही नाही. कर्ज देणाऱ्या आणि विमा विकणाऱ्या धंद्याला वाढायला भांडवल लागते, म्हणून तो नफा आतच ठेवला जातो. पण बजाज होल्डिंग्जच्या एकत्रित पत्रकात हे पन्नास रुपये आणि ते दोनशे साठ रुपये एकाच ओळीत, एकाच शाईत छापले जातात. त्या ओळीतला किती नफा घरी येणार, हे ती ओळ सांगत नाही.

तोटाही याच वाटेने येतो. बजाज ऑटोने आपल्या डच उपकंपनीमार्फत केटीएम या ऑस्ट्रियन मोटारसायकल कंपनीच्या वरच्या एका कंपनीत 49.9 टक्के हिस्सा घेतला होता. नोव्हेंबर 2024 मध्ये केटीएमने दिवाळखोरीच्या प्रक्रियेसाठी न्यायालयात धाव घेतली. बजाज ऑटोच्या एकटीच्या हिशेबात त्या तोट्याचा हिस्सा दिसला नाही, कारण तिथे तो मोजतच नाहीत. एकत्रित हिशेबात मात्र तो उतरला आणि 2024-25 चा एकत्रित नफा एकटीच्या नफ्यापेक्षा कमी भरला. गोष्ट तिथे थांबली नाही. सहयोगीचा हिस्सा मोजताना तिचा एकत्रित नफा धरायचा असतो. म्हणून ऑस्ट्रियातल्या तोट्याचा तुकडा बजाज ऑटोमार्फत आकुर्डीच्या गुंतवणूक कंपनीच्या पत्रकापर्यंत पोचला.

तोटा फारच मोठा असेल तर? आपल्या उदाहरणात सहयोगी बुडायला लागली आणि आपल्या वाट्याला 36 कोटींचा तोटा आला, तर वहीत 32 कोटी 10 लाखच आहेत. तेवढाच तोटा धरायचा आणि गुंतवणूक शून्यावर आणून थांबायचे. उरलेले 3 कोटी 90 लाख आपण हमी वगैरे दिली नसेल तर नफा-तोटा पत्रकात येत नाहीत, टिपांमध्ये नोंद म्हणून राहतात. पुढल्या वर्षी आपल्या वाट्याला 6 कोटी नफा आला, तर आधी ते 3 कोटी 90 लाख भरून काढायचे आणि उरलेले 2 कोटी 10 लाख तेवढे उत्पन्नात दाखवायचे. सहयोगी नफ्यात आली असूनही वर हिस्सा कमी किंवा शून्य दिसला, तर त्या टिपेत कारण सापडते. शून्य किंमत पाहून गुंतवणूक निकामी झाली असा निष्कर्ष काढण्यापूर्वी ती टीप वाचलीच पाहिजे.

वहीतली किंमत ही बाजारातली किंमतही नव्हे. सहयोगीच्या शेअरची बाजारात खरेदी-विक्री होत असेल तर तिचे बाजारमूल्य टिपांमध्ये द्यावे लागते. बाजारभाव वहीपेक्षा खूप खाली गेला आणि बरेच दिवस तिथेच राहिला, तर किंमत उतरवण्याची वेळ आली का, याची तपासणी कंपनीला करावी लागते.

तुमच्याकडे अशा एखाद्या कंपनीचे शेअर असतील तर अहवाल हाती आला की आधी एकत्रित नफा-तोटा पत्रकातली ‘सहयोगी कंपन्यांच्या नफ्यातील हिस्सा’ ही ओळ पाहा. मग एकत्रित रोखप्रवाह पत्रक उघडा. तिथे हाच आकडा नफ्यातून वजा केलेला दिसेल, कारण तो पैसा आलेला नाही. सहयोगी कंपन्यांकडून प्रत्यक्ष आलेला लाभांश तिथेच किंवा टिपांमध्ये सापडेल. पाच वर्षांचे हे दोन आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहून काढा. खळ्यावर किती होते आणि घरी किती आले, ते त्या कागदावर दिसेल.